छोट्या धार्मिक व्हिडिओचं शीर्षक कसं बांधावं: उत्सुकता हवी, फसवणूक नको

देवस्थानं, व्रतं, अभंग, सण यांवर मिनिटभराचे व्हिडिओ करणाऱ्या बऱ्याच जणांची मेहनत शीर्षकापाशी वाया जाते. व्हिडिओत माहिती चांगली असते, पण वर लिहिलेलं असतं, ‘९९ टक्के लोकांना माहीत नसलेलं रहस्य’ किंवा ‘हे चुकूनही करू नका’. याच्या उलट टोकाला ‘पंढरपूर दर्शन भाग ७’ असतं. पहिल्या प्रकारात श्रद्धाळू माणसाला घाबरवून किंवा भुलवून आत आणलं जातं, दुसऱ्यात कोणी आत येतच नाही. या दोन्हींच्या मधली वाट पकडायची, तर पुढचे टप्पे याच क्रमाने घ्यावे लागतात. मुख्य उदाहरण म्हणून पंढरपूरच्या नामदेव पायरीवरचा ४५ सेकंदांचा व्हिडिओ घेतला आहे.

## टप्पा १ : आधी उत्तर लिहा, शीर्षक नंतर

सर्वाधिक चुका क्रम उलटा केल्यामुळे होतात. आकर्षक ओळ आधी सुचते, मग व्हिडिओ तिच्या मागे ओढला जातो आणि त्या ओळीचं उत्तर आत सापडतच नाही. म्हणून व्हिडिओ पाहून संपल्यावर प्रेक्षकाला नेमकं काय कळलेलं असेल, ते आधी कागदावर एका वाक्यात लिहावं. याला उत्तर-वाक्य म्हणू.

नामदेव पायरीचं उत्तर-वाक्य असं होईल: ‘संतांच्या पायांची धूळ आपल्यावर पडावी म्हणून नामदेवांनी विठ्ठल मंदिराच्या महाद्वाराची पायरी होण्याची इच्छा धरली, अशी वारकरी परंपरा सांगते, पण ती पायरी नामदेवांची आहे म्हणूनच भाविक तिच्यावर पाय न ठेवता, नमस्कार करून ती ओलांडतात.’

या वाक्यात एक खरी ओढ आधीच आहे. ज्यांना संतांचे पाय अंगावर हवे होते, त्यांच्याच पायरीवर लोक पाय ठेवत नाहीत. उत्सुकता बाहेरून आणून चिकटवावी लागत नाही, ती अशी विषयाच्या आतच सापडते. उत्तर-वाक्यात असा ताण, प्रश्न किंवा वेगळेपण दिसलं नाही, तर दोष शीर्षकाचा नसतो. व्हिडिओत एकही नेमकी गोष्ट नाही, एवढाच त्याचा अर्थ. तेव्हा विषय आणखी लहान करावा. ‘पंढरपूरची माहिती’ हा विषय ४५ सेकंदांत बसत नाही, एक पायरी बसते.

तपासा : उत्तर-वाक्य दोन श्वासांत मोठ्याने म्हणता येतं का? येत नसेल, तर एका व्हिडिओत दोन विषय कोंबले आहेत.

## टप्पा २ : दावा कोणत्या प्रकारचा आहे ते ठरवा

धार्मिक विषयात एकाच व्हिडिओत चार-पाच प्रकारची विधानं सहज मिसळतात. डोळ्यांना दिसणारी प्रथा, ग्रंथातलं किंवा अभंगातलं वचन, परंपरेने सांगितलेली कथा, इतिहासाचा दावा आणि फळाचा दावा हे ते प्रकार. शीर्षक दिशाभूल करतं ते बहुतेकदा यामुळेच, की एका प्रकारचं विधान दुसऱ्या प्रकारच्या वेशात मांडलेलं असतं.

उत्तर-वाक्यातल्या प्रत्येक तुकड्याखाली त्याचा प्रकार लिहावा. नामदेव पायरीच्या बाबतीत ‘भाविक पाय ठेवणं टाळतात’ ही दिसणारी प्रथा. नामदेव अभंगात स्वतःला पायरीचा चिरा म्हणवतात, हे वचन. ‘याच पायरीपाशी त्यांनी १३५० साली समाधी घेतली’ ही महाराष्ट्रातली परंपरा. हाच तुकडा ‘पुरावा मिळाला’ किंवा ‘इथेच झाली खरी समाधी’ असा लिहिला की तो इतिहासाचा दावा होतो, आणि तिथे पाय घसरतो. पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यातलं घुमान हे गाव नामदेवांच्या वास्तव्याचं मानतात आणि त्यांचा देह तिथे पडला अशी तिथली श्रद्धा आहे. गुरू ग्रंथ साहिबमध्ये नामदेवांची ६१ पदं आहेत, म्हणजे हा वाद काल-परवा कोणी उकरून काढलेला नाही. ४५ सेकंदांत तो सोडवता येणार नाही, आणि जे सोडवता येत नाही ते शीर्षकात घालू नये.

प्रकार कळला की क्रियापद ठरतं. मराठीत यासाठी चांगली सोय आहे. प्रथेसाठी ‘करतात’, ‘टाळतात’. वचनासाठी ‘म्हणतात’, पण त्यापुढे कोण म्हणतं ते हवं. कथेसाठी ‘सांगतात’, ‘मानतात’, ‘अशी आख्यायिका’. इतिहासासाठी ‘झालं’, ‘बांधलं’. मात्र शिलालेख, ताम्रपट, दप्तर असं काही हाताशी असेल तरच. फळाच्या दाव्यासाठी, म्हणजे ‘केल्याने कर्ज फिटतं’, ‘आजार जातो’ यासाठी, कोणतंही क्रियापद नाही. हा प्रकार शीर्षकात येऊच नये. व्रतकथेत फळ सांगितलेलं असेल, तर ‘या व्रताच्या कथेत कोणतं फळ सांगितलं आहे?’ एवढंच लिहावं.

सावधान : ‘शास्त्रात सांगितलंय’ हे शब्द लिहिण्याआधी कोणत्या ग्रंथात आणि कोणत्या अध्यायात, हे आपल्या टिपणात असलंच पाहिजे. नवरात्रातले रोजचे नऊ रंग हे याचं ठळक उदाहरण. आज घरोघरी पाळली जाणारी ही पद्धत अलीकडच्या काळात वृत्तपत्रांमुळे पसरली. ती आनंदाने पाळावी, पण ‘शास्त्राने सांगितलेले नऊ रंग’ असं शीर्षक चुकीचं ठरतं.

## टप्पा ३ : साचा निवडा

साचे पुष्कळ सापडतात. धार्मिक विषयात खरोखर टिकतात ते पुढचे चार. उत्तर-वाक्याचा प्रकार पाहून त्यातला एक घ्यावा. दोन साचे एका ओळीत मिसळू नयेत.

### साचा अ : दिसणारी कृती + ‘का’

हा सर्वांत भरवशाचा साचा. लोकांनी पाहिलेली, पण कारण न विचारलेली कृती घ्यायची आणि पुढे ‘का’ लावायचा. ‘आषाढीला विठ्ठलाचा पलंग का काढतात?’ याचं उत्तर व्हिडिओत सरळ देता येतं: वारीच्या गर्दीत दर्शन रात्रंदिवस सुरू राहतं, देव या काळात निद्रा घेत नाही असा भाव असतो, आणि पुढे प्रक्षाळपूजेनंतर नित्याचे उपचार पुन्हा सुरू होतात. याच विषयाला ‘आषाढीत विठ्ठल झोपत नाही, कारण ऐकून थक्क व्हाल’ असं लिहिलं, तर भाव होता तिथे चमत्कार येऊन बसतो आणि थक्क करण्याची जबाबदारी विनाकारण अंगावर येते.

‘का’ आणि ‘का करावं’ यांत मोठा फरक आहे. ‘का करतात’ मध्ये आपण प्रथेचं कारण सांगतो, ‘का करावं’ मध्ये उपदेश करतो. कारण माहीत असलं म्हणून उपदेशाचा अधिकार मिळत नाही.

### साचा आ : परिचित पाठातला एक अनपेक्षित तपशील

पाठ असलेल्या ओळींत लक्षात न आलेली गोष्ट दाखवायची. ‘पसायदानात दुष्टांसाठी काय मागितलंय?’ पसायदान असंख्य मराठी माणसांना पाठ असतं, तरी हा प्रश्न क्षणभर थांबवतो. उत्तर दुसऱ्याच ओवीत आहे: खळांचा नाश नव्हे, त्यांची व्यंकटी, म्हणजे वाकडेपणा, सुटावा, एवढंच मागणं आहे. त्याच ओवीत त्यांना सत्कर्माची आवड लागावी, असंही आहे.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे ‘पसायदानाचा खरा अर्थ’ किंवा ‘आजवर चुकीचा अर्थ सांगितला गेला’. एका ओवीवर बोलताना सगळ्या परंपरेला खोटं ठरवण्याची गरज नसते. शीर्षकात ‘खरा’ हा शब्द आला की बाकीचे सगळे खोटे ठरतात, हे लिहिताना लक्षात राहत नाही.

### साचा इ : मोजलेल्या संचातलं वेगळेपण

‘अष्टविनायकांत उजव्या सोंडेचा गणपती कोणता?’ उत्तर: सिद्धटेकचा सिद्धिविनायक. हा प्रश्न प्रामाणिक आहे, कारण संच आठांचा आहे आणि तपासता येतो. ‘जगातला एकमेव’, ‘भारतातलं पहिलं’, ‘सर्वांत जागृत’ यांत संचच मोजलेला नसतो. ‘जागृत’ हा तर भक्ताचा भाव आहे, त्याची एका देवळाशी दुसऱ्या देवळाची तुलना करता येत नाही. ‘गावकरी जागृत मानतात’ हे चालतं, ‘सर्वांत जागृत’ नाही.

उजव्या सोंडेच्याच विषयावर ‘घरात ठेवली तर काय होईल?’ अशी शीर्षकं खूप दिसतात. हा साचा भीतीचा आहे. सोवळं कडक पाळावं लागतं अशी समजूत अनेक घरांत आहे, तेवढंच सांगायचं असेल तर ‘उजव्या सोंडेच्या गणपतीचं सोवळं कडक का मानतात?’ असं लिहावं. हा पुन्हा साचा अ झाला, आणि तो पुरेसा आहे.

### साचा ई : प्रचलित समज, तपासणीसह

‘इंद्रायणी काठी : अभंग की चित्रपटगीत?’ ही रचना अनेक ठिकाणी संतांचा अभंग म्हणून दिली जाते. प्रत्यक्षात ती ग. दि. माडगूळकरांची, १९५३ सालच्या ‘गुळाचा गणपती’ या चित्रपटातली आहे. या साच्यात उत्सुकता चांगली येते, पण दोन पथ्यं पाळावी लागतात. एक म्हणजे उत्तर निर्विवाद असावं. दुसरं, ज्यांचा समज चुकीचा होता त्यांना शीर्षकात हिणवू नये. ‘अडाणी भक्तांनो’ असा सूर तर नकोच, पण ‘तुम्हालाही हेच वाटतं ना?’ यातही टोचणी असते. भजनात हे गीत भावाने गाणाऱ्या माणसाचा भाव खोटा नसतो, त्याला फक्त कवीचं नाव ठाऊक नसतं. शीर्षकाने तेवढंच पुरवावं.

तपासा : निवडलेल्या साच्यातला प्रश्न आणि टप्पा १ मधलं उत्तर-वाक्य एकापाठोपाठ वाचा. उत्तर प्रश्नाला सरळ भिडलं पाहिजे. ‘तसं थेट नाही, पण…’ अशी सुरुवात करावी लागली, तर साचा चुकला.

## टप्पा ४ : कच्चं शीर्षक घासून घ्या

नामदेव पायरीसाठी साचा अ घेतला. पहिला खर्डा असा येईल:

‘पंढरपूरच्या श्री विठ्ठल रुक्मिणी मंदिरातल्या नामदेव पायरीचं हे रहस्य तुम्हाला माहीत आहे का?’

यात नामदेव पायरी हा शब्द फार उशिरा येतो. मोबाइलवर शॉर्ट पाहताना शीर्षक तळाशी लहान अक्षरांत दिसतं आणि लांब असेल तर कापलं जातं, त्यामुळे हातात उरतं फक्त ‘पंढरपूरच्या श्री विठ्ठल रुक्मिणी…’. दुसरं म्हणजे ‘रहस्य’ काहीच नाही. पायरी सगळ्यांसमोर आहे, परंपरा शाळेच्या पुस्तकापर्यंत पोचलेली आहे. रहस्य म्हटलं की प्रेक्षक भुयार, खजिना, गुप्त लेख यांची वाट पाहतो आणि ते न मिळाल्याने मधेच निघून जातो.

दुसरा खर्डा: ‘नामदेव पायरीवर भाविक पाय का ठेवत नाहीत?’ हा पुष्कळ सुधारला. मात्र ‘ठेवत नाहीत’ मध्ये ‘कोणीच ठेवत नाही’ असा अर्थ निघतो. गर्दीत एखाद्याचा पाय पडलेला कोणी पाहिला असेल, तर पहिली कॉमेंट तीच येईल. तिसरा खर्डा: ‘नामदेव पायरीवर पाय ठेवणं का टाळतात?’ यात प्रथा आहे, सक्ती नाही. विषय पहिल्या दोन शब्दांत आहे. आणि उत्तर व्हिडिओत मिळतं. हेच ठेवावं.

लांबीबद्दल थोडं नीट. यूट्यूबवर शीर्षकाची मर्यादा १०० कॅरेक्टरची आहे आणि देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळं वेगळं मोजलं जातं. ‘विठ्ठल’ डोळ्यांना तीन अक्षरं, मोजणीत सहा. ‘ज्ञानेश्वरी’ डोळ्यांना चार, मोजणीत अकरा. म्हणून मराठी शीर्षक वाटतं त्यापेक्षा लवकर भरतं. वरचं अंतिम शीर्षक मोकळ्या जागा आणि प्रश्नचिन्ह धरून ३५ भरतं. साधारण ४० पर्यंत राहिलं तर बहुतेक फोनवर अर्थ पुरा पोचतो. त्याहून लांब गेलं तरी हरकत नाही, पण देवाचं, ग्रंथाचं किंवा जागेचं नाव पहिल्या तीन-चार शब्दांत हवं. हॅशटॅग शीर्षकात घालून ही जागा खाऊ नये, ते डिस्क्रिप्शनमध्ये द्यावेत. इन्स्टाग्राम रीलला वेगळं शीर्षक नसतं. तिथे हीच ओळ व्हिडिओवरच्या मजकुरात आणि कॅप्शनच्या पहिल्या ओळीत जाते.

नावांचं लेखन इथेच तपासावं. नेवासे की नेवासा, तुळजाभवानी की तुळजा भवानी, यांत लोक सर्चमध्ये काय टाइप करतात ते पाहून एकच रूप सगळीकडे ठेवावं. संतांच्या नावापुढे ‘संत’ किंवा ‘महाराज’ लावायचं की नाही, हेही एकदाच ठरवावं. जागा वाचवण्यासाठी एका संताला मान आणि दुसऱ्याचं नुसतं नाव, असं झालं की वाचणाऱ्याला ते खुपतं.

## टप्पा ५ : काढून टाकायच्या गोष्टी

अंतिम शीर्षक हाती आल्यावर त्यातून तीन प्रकारचे शब्द काढायचे.

पहिला प्रकार भीतीचा: ‘चुकूनही’, ‘अनर्थ’, ‘नाहीतर पश्चात्ताप’. संक्रांतीच्या आधी दरवर्षी ‘यंदा संक्रांत या रंगावर, ही साडी नेसू नका’ अशा व्हिडिओंचा पूर येतो. पंचांगात संक्रांतीचं वाहन, वस्त्र वगैरे वर्णन दिलेलं असतं. त्यावरून घरातल्या बायकांना धास्तावणारं शीर्षक काढणं हा अन्याय आहे. त्याऐवजी ‘संक्रांतीचं वाहन, वस्त्र : पंचांगात काय देतात?’ असं लिहिलं की तोच शोधणारा प्रेक्षक मिळतो आणि तो निश्चिंत होऊन जातो.

दुसरा प्रकार घाईचा: ‘आजच’, ‘फक्त २४ तास’, ‘शेवटची संधी’, ‘देवाने तुम्हालाच दाखवला हा व्हिडिओ’. तिथी खरोखर आजची असेल, तर ‘आज’ लिहिण्यापेक्षा तिथीचं नाव लिहावं. ‘आज’ उद्या खोटं ठरतं आणि व्हिडिओ तर वर्षभर फिरत राहतो.

तिसरा प्रकार सगळ्यांवर लादण्याचा. एका घराची, एका भागाची रीत सर्वांची म्हणून सांगणं. ‘गौरी अशाच बसवाव्यात’ हे शीर्षक खड्याच्या गौरी आणणाऱ्या घरालाही चुकीचं ठरवतं आणि मुखवट्याच्या गौरी बसवणाऱ्यालाही. ‘खड्याच्या गौरी कशा आणतात?’ असं लिहिलं की ज्याची ती रीत आहे तो ओळखून थांबतो, आणि ज्याची नाही तो कुतूहलाने पाहतो. शीर्षक जितकं ठरावीक घराचं, तितकी त्याची ओढ जास्त.

सावधान : काही शीर्षकं नुसती चुकीची नसतात, ती कायद्याच्या कक्षेत जाऊ शकतात. मंत्र, ताईत, कवच यांनी रोग बरा होतो अशी जाहिरात १९५४ च्या औषधे आणि जादूटोण्याचे उपाय यांविषयीच्या केंद्रीय कायद्यात येते. तथाकथित चमत्कारांचा प्रसार करून लोकांना फसवणं महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात येतं. शिवाय शीर्षकात किंवा थंबनेलवर दिलेलं व्हिडिओत नसेल, तर यूट्यूबच्या नियमांनुसार व्हिडिओ काढला जाऊ शकतो. थंबनेलवर रडणारी मूर्ती लावून ‘चमत्कार?’ असं प्रश्नचिन्ह दिलं, म्हणून सुटका होत नाही. प्रश्नचिन्हाने दावा झाकत नाही.

## टप्पा ६ : व्हिडिओ शीर्षकाला जुळवा

शॉर्ट्समध्ये प्रेक्षक बहुतेकदा शीर्षक वाचून येत नाही. बोट सरकवताना व्हिडिओ आधी दिसतो. त्यामुळे शीर्षकातला प्रश्न पहिल्या दोन-तीन सेकंदांत आवाजात किंवा पडद्यावर यायला हवा. नामदेव पायरीच्या व्हिडिओची विभागणी अशी धरावी: सुरुवातीच्या ३ सेकंदांत पायरी आणि प्रश्न, पुढची १५ सेकंदं पायरी कुठे आहे आणि भाविक काय करतात, त्यापुढची २० सेकंदं नामदेवांची इच्छा आणि परंपरा, शेवटी ७ सेकंदांत त्या विरोधाचं उत्तर. ‘उत्तर भाग २ मध्ये’ हे इथे चालत नाही. प्रश्न ज्या व्हिडिओच्या शीर्षकात, उत्तर त्याच व्हिडिओत.

तपासा : विषय माहीत नसलेल्या घरच्या माणसाला फक्त शीर्षक दाखवा आणि ‘आत काय असेल?’ विचारा. मग व्हिडिओ दाखवा. त्याचा अंदाज आणि व्हिडिओ वेगळा निघाला, तर शीर्षक बदला. व्हिडिओ नव्हे, कारण तो उत्तर-वाक्यावर उभा आहे.

## टप्पा ७ : टाकल्यानंतर

आकडे पाहताना एक गोंधळ नेहमी होतो. किती जणांनी व्हिडिओ पाहिला आणि किती जण सरकवून पुढे गेले, हे प्रमाण मुख्यतः पहिल्या दृश्यावर ठरतं. ते पडलं म्हणून शीर्षक भडक करण्यात अर्थ नाही, सुरुवातीची सेकंदं बदलायला हवीत. शीर्षकाचा खरा हिशेब सर्चमधून आणि चॅनेलच्या पानावरून आलेल्या प्रेक्षकांत दिसतो. तिथून आलेले लोक शेवटच्या उत्तरापर्यंत थांबले, तर शीर्षक बरोबर होतं. ते पहिल्या दहा सेकंदांत निघून गेले, तर शीर्षकाने दुसरंच काही कबूल केलं होतं.

कॉमेंट्स याहून लवकर सांगतात. ‘पण उत्तर कुठंय?’ असं दोघा-तिघांनी विचारलं, तर त्याच दिवशी शीर्षक दुरुस्त करावं. ‘आमच्या गावी असं नाही’ असं आलं, तर शीर्षकात गाव किंवा परंपरा घालावी. तपशीलच चुकला असेल, तर नुसतं शीर्षक बदलून भागत नाही: डिस्क्रिप्शनच्या पहिल्या ओळीत आणि पिन केलेल्या कॉमेंटमध्ये काय चुकलं ते लिहावं, आणि चूक देवस्थान, संत किंवा ग्रंथाबद्दलची असेल तर व्हिडिओ काढून दुरुस्त करून पुन्हा टाकावा. असे व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर कुटुंबाच्या ग्रुपमध्ये शीर्षकाविना, डिस्क्रिप्शनविना फिरतात, तिथे दुरुस्तीची कॉमेंट कोणाला दिसत नाही.

जुने व्हिडिओ सुधारायचे असतील, तर आधी ‘रहस्य’, ‘चमत्कार’, ‘चुकूनही’ हे शब्द चॅनेलवर शोधावेत आणि त्या प्रत्येक व्हिडिओचं उत्तर-वाक्य लिहून पाहावं. जिथे उत्तर-वाक्य लिहिता येतं, तिथे नवं शीर्षक द्यावं. जिथे लिहिताच येत नाही, तो व्हिडिओ खाजगी करून ठेवावा.